शुगरची वही की ॲप? नानांच्या रीडिंग्जवरून कळलेलं

नानांच्या शुगरची रीडिंग्ज वहीत लिहायची की मोबाईलच्या ॲपमध्ये ठेवायची, हा प्रश्न आमच्याकडे मागच्या वर्षी आला. घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. उत्तर मिळालं ते डॉक्टरांच्या टेबलावर, आणि ते साहजिकच आहे, कारण रीडिंग आपण घरी घेतो पण ते बघून गोळी-इन्सुलिन बदलायचं काम त्यांचं असतं, त्यांना जे वाचता येत नाही ते कितीही नीट साठवलं तरी काय उपयोग.

आधी परिस्थिती सांगतो. नाना ६७ वर्षांचे, डायबेटिस जुना. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराईड आणि रात्री १० वाजता ग्लार्जिन इन्सुलिन २४ युनिट. ग्लुकोमीटर ब्लूटूथवाला घेतला होता, त्यामुळे बोट टोचलं की आकडा आपोआप मोबाईलमध्ये जायचा, हिरवा-पिवळा रंग, खाली आलेख, वर मोठ्या अक्षरात सरासरी. नानांना लिहायचा त्रास नाही आणि मी पुण्यात बसून बघू शकतो, म्हणून मला ते फार सोयीचं वाटत होतं. सगळं हिरवं दिसायचं. ॲपची सरासरी होती १२६.

मग लॅबचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी ८.२. म्हणजे तीन महिन्यांची शुगर. डॉक्टरांनी ॲप बघितलं, रिपोर्ट बघितला आणि कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं गणित केलं. एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे, की अंदाजे सरासरी शुगर येते. ८.२ ला ती साधारण १८९ येते. म्हणाल्या, "काका, मोबाईल म्हणतोय १२६ आणि रक्त म्हणतंय १८९. दोन्ही खोटं नाही. तुम्ही ज्या वेळी तपासताय त्या वेळी शुगर चांगलीच आहे, ती वाढतीये तुम्ही तपासत नाही तेव्हा." त्याआधी त्यांनी हिमोग्लोबिनही बघून घेतलं, कारण रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडाच फसवू शकतो. ते ठीक होतं.

आता ॲपमधली रीडिंग्ज वेळेप्रमाणे बघितली तर जवळजवळ सगळी सकाळी उपाशीपोटीची. नाना सकाळी उठले, चहाच्या आधी तपासलं, झालं. बरेच लोक हेच करतात कारण सकाळी आठवण राहते आणि आकडा सहसा बरा येतो. पण ॲपला हे कळत नाही, ते आलेल्या आकड्यांची सरासरी काढून देतं, आणि आपण समजतो की ही दिवसभराची सरासरी आहे. आलेखाचंही तेच. एक सकाळ आणि दुसरी सकाळ यांच्यामध्ये ॲप सरळ रेघ ओढतं, बघणाऱ्याला वाटतं मधल्या चोवीस तासात शुगर त्या रेघेवरूनच चालली. प्रत्यक्षात मधे तीन जेवणं झालेली असतात आणि त्या रेघेला त्यातलं काहीच माहीत नसतं.

डॉक्टरांनी मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडचा कागद उलटा केला आणि पट्टीने रेघा मारल्या. आडव्या ओळी तारखांच्या. उभे रकाने सात: सकाळी उपाशी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर, रात्रीच्या जेवणाआधी, जेवणानंतर, आणि पहाटे ३. शेवटी एक रुंद रकाना "काय झालं" म्हणून. म्हणाल्या, मला हे असं आणून द्या, मोबाईल नाही आणला तरी चालेल.

याचं कारण मला तेव्हाच समजलं, त्यांनी बोट ठेवून दाखवलं म्हणून. त्या कागद आडवा वाचत नाहीत, उभा वाचतात. एक रकाना वरून खालपर्यंत. मंगळवारी दुपारी २१० आलं तर त्यात काही नाही, लग्नाचं जेवण असेल, झोप झाली नसेल, सर्दी असेल. पण "रात्रीच्या जेवणानंतर" हा रकाना वरपासून खालपर्यंत दोनशेच्या वर असेल तर तो नियम झाला, आणि औषध नियमावर बदलतात, एका आकड्यावर नाही. ॲपमध्ये तीच रीडिंग्ज एकाखाली एक वेळेप्रमाणे येतात, सकाळची, रात्रीची, परत सकाळची, त्यामुळे रकाना मनात तयार करावा लागतो, आणि ओपीडीत बाहेर वीस पेशंट बसलेले असताना दुसऱ्याच्या मोबाईलवर बोट सरकवत ते करायला डॉक्टरांकडे वेळ कुठला.

दुसरी गोष्ट जोडीची. नुसतं जेवणानंतर २२० लिहिलं तर त्यातून जेवणाने किती वाढलं ते समजत नाही. जेवणाआधीच २०० असेल तर जेवणाने फक्त वीस वाढवले, दोष आधीच्या तासांचा. जेवणाआधी १२० असेल तर त्या ताटातच शंभर आहेत. म्हणून आधी आणि नंतर असं जोडीनेच घ्यायचं, आणि "नंतर" म्हणजे पहिला घास तोंडात गेला तिथपासून दोन तास. जेवून उठल्यापासून नाही. नाना सावकाश जेवतात, पाऊण तास सहज लागतो, त्यामुळे उठल्यापासून मोजलं तर पावणेतीन तास होतात आणि वाढलेली शुगर तोवर थोडी उतरलेली असू शकते. आईने मग ताट वाढलं की भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत वेळ टाकायला सुरुवात केली, ते सगळ्यात सोपं पडलं.

रोज सात वेळा टोचायचं का, तर नाही. एक स्ट्रिप वीसेक रुपयांना पडते आणि बोटंही दुखतात. डॉक्टरांनी सांगितलं की एरवी दिवसाला दोनच स्ट्रिपा, पण जागा बदलत: आज नाश्त्याची जोडी, उद्या दुपारच्या जेवणाची, परवा रात्रीच्या जेवणाची, मग परत पहिल्यापासून. पूर्ण सात रीडिंगवाले दिवस फक्त तीन, तेही भेटीच्या आधीच्या आठवड्यात. पहाटेचं त्यातल्या दोन रात्री. दोन आठवड्यांनी सगळे रकाने आपोआप भरत येतात. इन्सुलिन दिवसातून चार वेळा घेणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांना प्रत्येक डोसाआधी तपासावंच लागतं.

आता त्या तीन रात्रींचे आकडे देतो, कारण सगळा निकाल त्यातच आहे. पहिली रात्र: जेवणाआधी १४६, जेवणानंतर २५२, पहाटे ३ ला ८८, सकाळी उपाशी ११६. दुसरी रात्र: १३९, २३८, पहाटेचं घेतलं नाही, सकाळी १२१. तिसरी: १५१, २६४, पहाटे ७१, सकाळी १०९. बाकीच्या रकान्यांत नाश्त्यानंतर १७०-१८०, दुपारी जेवणानंतर १८५ च्या आसपास, म्हणजे ठीकठाक.

मी हे बघून म्हणालो की रात्रीची शुगर जास्त आहे म्हणजे रात्रीचं इन्सुलिन वाढवावं लागेल. डॉक्टर म्हणाल्या की नेमकं उलट. झोपताना २५२ आणि सकाळी ११६, रात्रीत १३६ ने खाली. दुसऱ्या रात्री ११७ ने, तिसऱ्या रात्री १५५ ने. ग्लार्जिन हे चोवीस तास हळूहळू काम करणारं इन्सुलिन आहे, त्याचं काम शुगर रात्रभर साधारण एका पातळीवर धरून ठेवायचं. झोपताना आणि सकाळी यात पन्नासच्या वर फरक रोज पडायला लागला की समजायचं की हे इन्सुलिन रात्रीच्या जेवणाचा गाळ उपसतंय, त्याच्या वाटणीचं नसलेलं काम करतंय. आणि ज्या दिवशी नाना कमी जेवतील, एकादशी असेल, पोट बिघडलेलं असेल, त्या रात्री उपसायला काही नसेल आणि हेच २४ युनिट त्यांना पहाटे ५० वर नेतील. पहाटेचं ते ७१ त्याचीच खूण. ७० च्या खाली गेलं की लो धरतात, ५४ च्या खाली धोक्याचं, आणि झोपेत असलेल्या माणसाला घाम आलाय की थरथर होतेय हे सांगणार कोण.

सकाळच्या ११६ मध्ये हे कुठेच दिसत नव्हतं, उलट तो आकडा ॲपमध्ये हिरवा होता. म्हणून मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं, नुसत्या उपाशी रीडिंगवर खूश राहू नका, विशेषतः घरात कुणाला रात्रीचं इन्सुलिन चालू असेल तर.

मग डॉक्टरांनी इन्सुलिन २४ वरून २० केलं, रात्रीच्या जेवणाआधी एक गोळी वाढवली, आणि जेवण ९ ऐवजी ८ ला. ताटात भाकरी एक, उसळ-भाजी दुप्पट, भात बंद नाही पण दुपारी. जेवणानंतर गल्लीत पंधरा-वीस मिनिटं चालणं. (गोळी-युनिटचे हे आकडे नानांचे आहेत, कुणी आपल्यावर लावून बघू नका, प्रत्येकाची किडनी, वजन, वय वेगळं.) पुढच्या कागदावर जेवणानंतरचा रकाना १८०-१९५ वर आला, सकाळी १२५-१३५. नाना थोडे नाराज, सकाळचा आकडा वाढला म्हणून. डॉक्टर मात्र समाधानी, कारण आता रात्रीत पडणारा फरक साठच्या आसपास आला होता आणि पहाटे सव्वाशे होते. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३.

आता ॲपबद्दल सरळ सांगतो. ते वाईट नाही, पण त्याच्या काही सवयी माहीत हव्यात. एक म्हणजे लेबल. बरीच ॲप्स घड्याळ बघून स्वतःच लेबल लावतात. नाना ९ ला जेवायचे आणि ११ ला तपासायचे, तर ॲप त्याला "झोपताना" म्हणायचं. त्यामुळे रिपोर्टमध्ये "रात्रीच्या जेवणानंतर" या खान्यात काहीच नाही आणि तो २५२ दुसऱ्याच खान्यात जाऊन बसलेला. प्रत्येक वेळी हाताने लेबल बदलायचं तर मग वहीत लिहिण्याइतकंच काम झालं. बहुतेक ॲप्समध्ये सेटिंग्जमध्ये जेवणाच्या वेळा बदलता येतात, ॲप वापरणार असाल तर पहिल्याच दिवशी ते करून घ्या.

दुसरं मीटरचं घड्याळ. नानांच्या मीटरची बटणासारखी बॅटरी बदलली तेव्हा त्याची वेळ पुसली गेली, आणि परत लावताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली. तेव्हापासून ॲपमध्ये उपाशी रीडिंग्ज संध्याकाळी ६ ला दिसायला लागली. आकडे बरोबर, जागा सगळ्या चुकीच्या. ओळखायचं कसं, तर ॲपमध्ये पहाटे ६ वाजताचं रीडिंग एकदम नाहीसं झालं आणि संध्याकाळी रोज ११८-१२० यायला लागलं की संशय घ्यायचा. सोपी तपासणी म्हणजे मीटर चालू करून मोबाईलच्या वेळेशी ताडून बघणे. डॉक्टरही हे करतात, मीटर हातात घेतलं की आधी त्यावरची तारीख-वेळ बघतात.

आणि हो, मीटर न्यायचंच. वही असली तरी. डॉक्टर वहीतले चार-पाच आकडे मीटरच्या मेमरीशी जुळवून बघतात. त्यांचा अनुभव असा की बऱ्याच वह्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेल्या असतात, सगळे आकडे शून्याने किंवा पाचाने संपणारे, आणि लो झालेलं तर कुणी लिहीतच नाही, घरचे ओरडतील म्हणून. वहीचा हा मोठा दोष आहे, तिला काहीही सांगता येतं. मेमरीला नाही. म्हणून माझ्या मते वहीचा रकाना आणि मीटरची मेमरी हीच खरी जोडी आहे, ॲप त्यानंतर.

"काय झालं" या रकान्याबद्दल थोडं. आधी मला वाटलं यात रोजचा सगळा आहार लिहायचा, आणि आईने दोन दिवस लिहिलाही, चटणी-लोणच्यासकट. डॉक्टर म्हणाल्या एवढं नको. फक्त नेहमीपेक्षा वेगळं ते लिहा: इन्सुलिन राहिलं, ताप होता, बाहेर जेवलो, शेतात दोन तास उभा होतो, स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं गुडघ्यात. शेवटचं फार महत्त्वाचं, त्याने शुगर काही दिवस चढलेली राहते आणि माहीत नसेल तर डॉक्टर उगाच औषध वाढवतील. लो झालं तर किती होतं, किती वाजता, काय खाल्लं आणि पंधरा मिनिटांनी किती झालं, हे चारही. आमच्याकडे ठरलेलं आहे, तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बोट.

मे महिन्यातली एक नोंद त्या रकान्यात आहे. दुपारी जेवणाआधी ३११. नानांना काही होत नव्हतं, तहान नाही, लघवी जास्त नाही, आदल्या दिवशी त्याच वेळी १३८. आईने विचारलं तेव्हा समजलं की नातवंडांसाठी आंबे कापून ते तसेच उठून मीटरकडे गेले होते, हात फडक्याला पुसून. साबणाने हात धुवून, कोरडे करून परत घेतलं तर १४४. बोटावरचा आंब्याचा रस स्ट्रिपमध्ये गेला होता. वहीत आईने ३११ वर एक रेघ मारली, शेजारी १४४ लिहिलं आणि पुढे "आंबा, हात धुतले नव्हते". ॲपमध्ये मात्र ते ३११ लाल रंगात सरासरीत बसलं होतं, आणि मेलबर्नहून ताईचा फोन आला की नानांना दवाखान्यात न्या.

ताईचं निघालं म्हणून तिचाही एक गोंधळ सांगतो, परदेशात ज्यांची मुलं आहेत त्यांना उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियात शुगर mmol/L मध्ये मोजतात, आपल्याकडे mg/dL मध्ये. तिच्या मोबाईलवर ॲप तिथलं एकक दाखवायचं, म्हणजे नानांचे ११८ तिला ६.६ दिसायचे. ती फोनवर "आज साडेसहा होती ना" म्हणायची आणि नानांना वाटायचं ती एचबीएवनसीबद्दल बोलतीये. १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. ॲपच्या सेटिंग्जमध्ये एकक बदलता येतं, ते बदललं आणि प्रश्न मिटला. पण लांब राहणाऱ्या मुलीला बापाचं रीडिंग त्याच मिनिटाला दिसतं ही गोष्ट वही कधीच देऊ शकत नाही, त्यासाठी आम्ही ॲप ठेवलं आहे आणि ठेवणार.

ज्यांना दंडावर सेन्सर लावला आहे त्यांच्यासाठी वहीचा प्रश्नच उरत नाही. तिथे दिवसाला शेकडो आकडे येतात आणि चौदा दिवस एकावर एक रचून एका पानाचा रिपोर्ट निघतो, डॉक्टर तो रिपोर्टही उभाच वाचतात, दिवसाच्या कुठल्या तासाला पट्टा वर गेला आणि कुठे ७० च्या खाली. त्यांनी आम्हालाही एकदा दोन आठवड्यांपुरता तो लावून बघू म्हटलं होतं, पण कागदातूनच प्रश्न समजला त्यामुळे खर्च वाचला.

एक शेवटचं, आकड्यांवर फार कीस काढू नका. घरच्या मीटरला मान्य असलेला फरक १०० च्या वर साधारण १५ टक्के आहे, म्हणजे ११८ आणि १२७ यात काहीच फरक धरायचा नाही. नाना एकाच वेळी दोन बोटांवर तपासून भांडायचे, ते आता बंद झालंय.

सध्या आमचं असं आहे. आईकडे मोठी आडवी वही, पट्टीने आखलेले सात रकाने, ७० च्या खालच्या आकड्याला लाल गोल. महिन्याच्या शेवटी मी त्या पानाचा फोटो काढतो, उन्हात, सावली पडू न देता, आणि डॉक्टरांच्या दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, सोबत चालू औषधांची यादी आणि इन्सुलिनचे युनिट, कारण आकड्यांबरोबर डोस नसेल तर त्यांना परत फोन करावा लागतो. भेटीला जाताना वही, मीटर आणि ताजा लॅब रिपोर्ट. ॲपमधून पीडीएफही निघते, ती एकदा दिली होती, चौदा पानांची, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि वही मागितली.